एफडी पूर्ण झाली, व्याजही पूर्ण मिळालं, तरी पैसे कमी का पडले?

गोदाकाठ (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला हिशेब इथे मांडतोय. कुठे चुकलो ते स्पष्ट सांगा.

मार्च २०२० मध्ये मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी १० लाखांची मुदत ठेव केली. पाच वर्षं, ६ टक्के, व्याज दर तिमाहीला मुद्दलात जमा. तेव्हा माझ्या मोठ्या भावाचा मुलगा पुण्यात शिकत होता. त्याची फी, हॉस्टेल, मेस सगळं धरून वर्षाला अडीच लाख लागत. चार वर्षांचे १० लाख. म्हणजे पैसे आजच तयार आहेत, वर पाच वर्षांचं व्याज येईल ते तिच्या लॅपटॉपला आणि पुढच्या शिक्षणाला, असं मी धरून चाललो होतो.

मार्च २०२५ मध्ये पावतीवर छापलेले १३,४६,८५५ रुपये खात्यात आले, एक रुपया इकडेतिकडे नाही. ऑगस्टमध्ये मुलीला त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला. आता वर्षाचा खर्च ३ लाख ४० हजार. चार वर्षांचे १३ लाख ६० हजार, तेही फी पुढे वाढणार नाही असं धरून. म्हणजे व्याजासकट सगळे पैसे घातले तरी थोडे कमीच!

साडेतीन लाख व्याज मिळालं ते गेलं कुठे? बँकेने फसवलेलं नाही, मी मध्ये ठेव मोडलेली नाही. मग माझी कमाई नक्की किती झाली?

मीरा_सिडको

दादा, दुसऱ्या बँकेत ठेवायला हवे होते. आमच्या ओळखीची पतसंस्था साडेनऊ देते. सध्या कुठे सर्वांत जास्त दर चालू आहे ते कोणी सांगेल का? मलाही चार लाख ठेवायचे आहेत.

अंबड_वर्कशॉप

सोपं आहे. व्याज ६, महागाई ५, खरी कमाई १ टक्का. पाच वर्षांत पाच टक्के. म्हणजे तुम्ही ५० हजार कमावलेत. तोटा झालेला नाही, उगाच जिवाला लावून घेऊ नका. आपल्याला पूर्ण व्याज नफा वाटतं, एवढाच घोळ आहे.

निफाडकर

महागाई महागाई करताय, पण आहे कुठे ती? मी कांदा पिकवतो. यंदा क्विंटलला हजाराच्या आसपास भाव मिळाला, त्यात माझा खर्चही निघाला नाही. बातम्यांत सांगतात की ऑक्टोबरमध्ये महागाई पाव टक्का होती. मग तुमच्या ६ टक्क्यांना काय झालं? आम्हाला कोणी ६ टक्के द्या, आम्ही आनंदाने घेऊ.

सुलभा_कुलकर्णी

गोदाकाठ, मी बँकेत तीस वर्षं ठेवींच्या काउंटरवर होते, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न मला शेकडो लोकांनी विचारलेला आहे, फक्त तो 'दर इतका कमी का' अशा रूपात यायचा. आधी दोन गोष्टी सांगा. टीडीएस ठेवीतून कापला जायचा की बचत खात्यातून? आणि तुम्ही प्राप्तिकराच्या कोणत्या स्लॅबमध्ये होता?

गोदाकाठ

सुलभाताई, टीडीएस बचत खात्यातून वळता व्हायचा. म्हणूनच पावतीवरची पूर्ण रक्कम आली. स्लॅब पाचही वर्षं २० टक्क्यांचा, जुन्या करपद्धतीने. रिटर्न भरताना सीए आणखी काही रक्कम भरायला सांगायचे, ती मी पगारातून भरत आलो. खरं सांगायचं तर ती या ठेवीमुळे आहे हे कधी जोडून पाहिलंच नाही.

द्राक्षवेल

टीडीएस १० टक्के कापला ना? मग कर तिथेच संपला. रिटर्नमध्ये पुन्हा का भरायचा? सीए बदला.

सुलभा_कुलकर्णी

द्राक्षवेल, नाही हो, सीएचं बरोबर आहे. बँक १० टक्के कापते ती उचल समजा. तुमचा स्लॅब २० चा असेल तर उरलेले १० आणि वरचा उपकर तुम्हालाच भरावा लागतो. उपकर धरून दर २०.८ टक्के होतो. कर कापू नका म्हणून १५जी, १५एच भरणाऱ्यांचाही असाच गैरसमज असायचा. फॉर्मने कापणं थांबतं, कर लागू असेल तर तो माफ होत नाही.

आता गोदाकाठांचा हिशेब सावकाश करू.

सरकार दर महिन्याला किरकोळ किमतींचा निर्देशांक काढतं. मार्च २०२० ते मार्च २०२५ या काळात तो साधारण २९ टक्क्यांनी वाढला. म्हणजे सरासरी घराला २०२० मध्ये १० लाखांत जे मिळत होतं, त्यासाठी २०२५ मध्ये १२ लाख ९२ हजार लागत होते. हा आकडा डोक्यात पक्का ठेवा, कारण तुमचं खरं मुद्दल आता हे आहे. पावतीवरचे १० लाख ही फक्त जुनी संख्या आहे.

तुम्हाला मिळाले १३,४६,८५५. त्यातून १२,९२,००० बाजूला काढले की उरतात साधारण ५५ हजार. तुमच्या ३ लाख ४७ हजार व्याजापैकी २ लाख ९२ हजार मुद्दलाची झीज भरून काढण्यात गेले. ती कमाई नव्हेच. कमाई ५५ हजारांची. इथपर्यंत अंबडच्या भाऊंचं उत्तर जवळपास बरोबर आहे.

पण प्राप्तिकर खाते झीज आणि कमाई वेगळी धरत नाही. कर पूर्ण ३ लाख ४७ हजारांवर लागला. २०.८ टक्क्यांनी तो होतो साधारण ७२ हजार. खरी कमाई ५५ हजार आणि तिच्यावर कर ७२ हजार! तुमच्याकडे निव्वळ राहिले १२ लाख ७५ हजार, म्हणजे २०२० च्या दहा लाखांपेक्षा १७ हजारांनी कमी किमतीचे. कर बचत खात्यातून आणि पगारातून थोडा थोडा गेल्यामुळे तो तुम्हाला दिसलाच नाही. टीडीएस ठेवीतूनच कापला गेला असता तर शेवटची रक्कम पावतीपेक्षा कमी आली असती आणि तुम्ही त्याच दिवशी बँकेत येऊन विचारलं असतं.

अंबड_वर्कशॉप

ताई, कराचं मी धरलंच नव्हतं. म्हणजे ६ मधून आधी कर वजा करायचा आणि मग महागाई?

सुलभा_कुलकर्णी

हो, हाच क्रम. आणि उलटंही करून बघा, ते जास्त उपयोगी आहे. महागाई ५ टक्के राहील असं वाटत असेल, तर २०.८ टक्के कर भरणाऱ्याला नुसतं जागेवर राहायला ६.३ टक्के व्याज लागतं. वरच्या स्लॅबमध्ये, ३१.२ टक्के भरणाऱ्याला, जवळपास ७.३ लागतं. कर लागत नसेल त्याला ५ पुरतं. एकाच बँकेत, एकाच दिवशी, एकाच दराची पावती केलेल्या तिघांपैकी एक कमावत असतो, एक जागेवर असतो आणि एक गमावत असतो.

टपालमास्तर_नाशिकरोड

मी टपाल खात्यातून निवृत्त. आमच्या वेळी किसान विकास पत्र साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचं. लोक काउंटरवर रांगा लावायचे. आज तेच पत्र दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात. खरी बचत तेव्हाच होती. आता व्याजच राहिलेलं नाही, तिथे हिशेब काय करायचा?

सुलभा_कुलकर्णी

मास्तर, नमस्कार. साडेपाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साडेतेरा टक्क्यांच्या जवळ. पण १९९१ मध्ये महागाई १४ टक्क्यांच्या आसपास होती आणि नव्वदच्या दशकाची पहिली पाच-सहा वर्षं मिळून सरासरी १० च्या घरात होती. म्हणजे कर सोडला तर खरे सुटायचे वर्षाला तीनेक टक्के. आजच्यापेक्षा चांगले, हे मान्य. पण तेरा कधीच नव्हते. लोकांना दुप्पट झालेली रक्कम आठवते, त्याच काळात रॉकेल, साखर आणि घरभाडं किती वाढलं ते आठवत नाही.

टपालमास्तर_नाशिकरोड

तुमचं म्हणणं डोक्यात शिरलं. आणखी एक गोष्ट त्यावरून सुचली. माझ्या पेन्शनवर महागाई सवलत मिळते, जानेवारीत आणि जुलैत ती नव्याने ठरते. किमती वाढल्या की मागून का होईना, पेन्शन वाढते. पण माझी धाकटी बहीण पंचवटीत राहते, तिला पेन्शन नाही. मेव्हण्यांच्या पश्चात २५ लाखांची ठेव आहे, ७ टक्क्यांनी. दर महिन्याला साधारण साडेचौदा हजार व्याज येतं आणि ते सगळं घरखर्चाला जातं. ती म्हणते, 'दादा, मी मुद्दलाला हात लावलेला नाही.' मलाही आजवर ते अभिमानाचं वाटत होतं. आता वाटतंय, मुद्दल जागेवर आहे की नाही?

सुलभा_कुलकर्णी

मास्तर, काउंटरवर मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच होती. गोदाकाठांचं व्याज निदान मुद्दलात जमा होत होतं, त्यामुळे झीज भरून निघत होती. तुमच्या भगिनींच्या ठेवीत झीज भरायला कोणी नाही. महागाई ५ टक्के धरली तर वर्षाच्या १ लाख ७५ हजार व्याजातले १ लाख २५ हजार मुद्दलाची झीज आहेत. खर्चायला खरे मोकळे फक्त ५० हजार. त्या सगळे खर्च करतात, म्हणजे मुद्दलाला हात लागलेलाच आहे, फक्त पासबुकात तो दिसत नाही. याच वेगाने चौदा वर्षांत ते २५ लाख आजच्या साडेबारा लाखांएवढे होतील आणि महिन्याचे साडेचौदा हजार आजच्या सव्वासात हजारांएवढे.

कृपा करून हे त्यांना भीती घालण्यासाठी सांगू नका. खर्च निम्म्यावर आणा असं म्हणण्यात अर्थ नाही, औषधं आणि वीजबिल थांबत नाही. पण वय ६० च्या पुढे असेल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के मिळतात, तिथे ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. व्याज तीन महिन्यांनी येतं, मुदत पाच वर्षं. ७ आणि ८.२ मधला फरक वर्षाला ३० हजारांचा आहे. तो फरक खर्च न करता वेगळा ठेवला तर झीज पूर्ण भरणार नाही, पण पाव भाग भरेल. ठेव मुदतीपूर्वी मोडली तर बँक दंड लावते, तेवढं आधी विचारून घ्या.

टपालमास्तर_नाशिकरोड

ती ६३ ची आहे. मी स्वतः काउंटरवर ही योजना लोकांना विकली आणि सख्ख्या बहिणीला विचारायचं सुचलं नाही. उद्या जातो पंचवटीत.

निफाडकर

माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही. महागाई पाव टक्का असताना ५ टक्के का धरताय?

अनघा_इंदिरानगर

निफाडकर, मी अर्थशास्त्र शिकवते, मी प्रयत्न करते. तुमचा पडलेला भाव आणि तो पाव टक्का या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ऑक्टोबर २०२५ चा आकडा ०.२५ टक्के आला, कारण भाज्या आणि एकूण अन्न मागच्या ऑक्टोबरपेक्षा स्वस्त होतं. तेव्हाच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास ४६ टक्के होता, त्यामुळे कांदा-टोमॅटो पडले की सगळा आकडा खाली येतो. २२ सप्टेंबरपासून जीएसटी कमी झाला त्याचाही हातभार आहे. पण अन्न आणि इंधन वगळून पाहिलं तर बाकीच्या गोष्टी ४ टक्क्यांच्या वरच वाढत होत्या. फी, दवाखाना, भाडं यांत स्वस्ताई आलेली नाही. तुम्ही कांदा स्वस्त विकलात आणि मुलांची फी मात्र वाढीव भरलीत. त्या पाव टक्क्याचा भार तुमच्यासारख्यांनी उचलला.

मात्र सुलभाताईंच्या बोलण्यातून एफडी म्हणजे कायम झीज असं कोणी समजत असेल तर मला ते पटत नाही. ज्यांनी २०२३-२४ मध्ये सव्वासात टक्क्यांनी दोन-तीन वर्षांची ठेव केली, त्यांना २०२५ मध्ये भरपूर खरी कमाई झाली. गोदाकाठांनी ठेव केली तो काळच वाईट होता. मे २०२० मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, ४ टक्क्यांवर आला आणि दोन वर्षं तिथेच राहिला, महागाई मात्र ६ च्या आसपास फिरत होती. ठेवीचा दर पहिल्या दिवशी ठरतो आणि महागाई नंतर येते. त्यामुळे खरी कमाई ठेव पूर्ण झाल्यावरच कळते, करताना फक्त अंदाज असतो.

सुलभा_कुलकर्णी

अनघा, हे मान्य. आणि त्या अर्थाने ऑक्टोबरचा ०.२५ बघून खूश होणं आणि २०२० मध्ये ६ बघून बेफिकीर राहणं, दोन्ही सारखंच. पुढच्या पाच वर्षांसाठी मी ५ धरते. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ आहे, वर-खाली २ ची मुभा. पण माझ्या तीस वर्षांत महागाई लक्ष्याच्या वरच जास्त काळ राहिली, म्हणून एक टक्का चढवते.

अनघा_इंदिरानगर

लक्ष्यच मुळी २०१६ पासून आहे. त्याआधीची वर्षं मोजून वरचा टक्का चढवणं बरोबर नाही. मी साडेचार धरेन.

निफाडकर

उत्तर मिळालं. पटलं असं नाही, पण कळलं. फीचं मात्र शंभर टक्के खरं.

मीरा_सिडको

माझ्या पतसंस्थेबद्दल कोणीच बोललं नाही. साडेनऊ वजा पाच, साडेचार टक्के खरी कमाई झाली की!

द्राक्षवेल

मीराताई, याबाबतीत मी पोळलोय. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला तो लागू नाही. आमचे वडिलांचे दोन लाख एका पतसंस्थेत सात वर्षं अडकले होते. शेवटी मुद्दल मिळालं, व्याज नाही. तेव्हा महागाईचा हिशेब केला नव्हता, आज वरचं वाचून केला. परत आलेल्या दोन लाखांची किंमत जेमतेम दीड लाख भरते.

मीरा_सिडको

अरे बापरे. हे माहीत नव्हतं. मिस्टरांशी बोलते.

गोदाकाठ

सगळं दोनदा वाचलं. रात्री बायकोबरोबर वहीत मांडलं. आम्हाला १३ लाख ६० हजार हवेत आणि कर जाऊन राहिले १२ लाख ७५ हजार. ८५ हजार कमी. त्यातले १७ हजार सुलभाताईंच्या हिशेबात सापडले. उरलेले ६८ हजार कुठले?

अनघा_इंदिरानगर

ते तुमच्या कॉलेजचे. सगळ्या किमती २९ टक्के वाढल्या, पण अडीच लाखांचे ३ लाख ४० हजार म्हणजे ३६ टक्के. त्या काळच्या निर्देशांकात शिक्षणाचा वाटा साडेचार टक्क्यांच्या आसपास होता, तुमच्या ठेवीत तो शंभर टक्के होता. ठेव ज्या गोष्टीसाठी केली तिची किंमत किती वाढते यावर तुमची खरी कमाई मोजायची. त्या मापाने तुमचं नुकसान १७ हजारांचं नाही, ८५ हजारांचं आहे.

अंबड_वर्कशॉप

महागाईच्या वर ठरावीक टक्के देणारी सरकारी ठेव का नाही? मग हा सगळा त्रासच मिटला.

सुलभा_कुलकर्णी

होती. डिसेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तसे रोखे आणले होते, महागाई अधिक दीड टक्का. आमच्या शाखेत मी स्वतः लोकांना समजावत बसायचे. बाजूच्या टेबलावर ९ टक्क्यांची साधी एफडी होती, लोक म्हणायचे, 'दीड टक्का? नको.' व्याजावर कर त्यातही पूर्ण लागायचा, आणि शेवटचा आकडा आधी सांगता येत नव्हता. प्रतिसाद अगदी थोडा आला आणि योजना पुढे चालली नाही. मला त्याची आजही हळहळ वाटते.

टपालमास्तर_नाशिकरोड

पंचवटीतून आलो. बहिणीने पावती दाखवली, अजून चौदा महिने बाकी आहेत. आता मोडली तर एक टक्का दंड सांगतात. चौदा महिने थांबावं की मोडावी? तोवर ८.२ चा दर राहील का?

सुलभा_कुलकर्णी

मास्तर, तुम्हाला माहीतच आहे, दर तीन महिन्यांनी ठरतो, पण ज्या दिवशी खातं उघडलं त्या दिवशीचा दर पाच वर्षं कायम राहतो. दंड किती काळाच्या व्याजावर आणि कोणत्या दराने मोजतात ते बँकेकडून लेखी घ्या, प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. आकडा कळवा, इथेच मांडून बघू. मोडल्यावर एकूण किती हातात येतात ते कळल्याशिवाय मी मोडा म्हणणार नाही.

गोदाकाठ

शेवटचं विचारतो. पहिल्या वर्षाची फी भरून झाली. उरलेले पैसे बचत खात्यात पडून आहेत, हे लिहितानाच लाज वाटतेय. तीन वर्षांची फी पुढे आहे. काय करू?

सुलभा_कुलकर्णी

पैसे कधी लागणार हे तुम्हाला महिन्यासकट माहीत आहे. मग पुढच्या जुलैच्या फीची एक, त्यापुढच्या वर्षाची एक, आणि शेवटच्या वर्षाची एक, अशा तीन वेगळ्या ठेवी करा. शेअर बाजारात आता या पैशांना वेळ नाही. एक गोष्ट तुमच्या बाजूने बदलली आहे. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कर शून्य होतो, ठेवीचं व्याजही त्यातच धरलं जातं. तुम्ही जुन्या पद्धतीत आहात. सीएना दोन्ही मांडून दाखवायला सांगा. कर शून्य झाला तर साडेसहाची ठेवही तुम्हाला जागेवरून पुढे नेते, २०२० मध्ये ती नेऊ शकली नाही.

गोदाकाठ

माझं उत्पन्न साडेअकराच्या आसपास आहे, व्याज धरून बाराच्या आत बसतंय का ते बघावं लागेल. शनिवारी सीएंकडे जातो. दरवर्षीच्या ठेवीत फी ७ टक्के वाढेल असं धरून रक्कम टाकतोय, जी कमी पडेल ती दर महिन्याला आवर्ती ठेवीत. जूनमध्ये कॉलेजचं फीचं पत्र येईल तेव्हा ७ बरोबर होते की नाही ते याच धाग्यावर लिहीन.